पायाच्या अशक्तपणाबद्दल: रुग्णाला पत्र आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी

नाशिक, १४ ऑक्टोबर २०२४

सौ. सुनीताताई यांस,

काल ओपीडीत तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई, तिघांशी बोलणं झालं. गर्दीत ऐकलेलं घरी जाईपर्यंत अर्धं विसरतं, म्हणून लिहून देते.

तुमच्या आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे एफएनडी. मेंदू, नसा, स्नायू जागेवर शाबूत आहेत, पण मेंदूकडून पायाला हुकूम जाताना गडबड होते. हा अर्धांगवायू नाही. पाय खरोखरच साथ देत नाही आणि तुम्ही सोंग करत नाही, हे मी सासूबाईंसमोर बोलले, इथेही लिहिते.

आधीच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून "सगळं नॉर्मल आहे, काही झालेलं नाही" म्हणून परत पाठवलं, त्याचा तुम्हाला राग आहे. तो रास्तच आहे. मी निदान केलं ते रिपोर्ट चांगले आले म्हणून नाही, तुमच्या पायात जे दिसलं त्यावरून. आठवतंय? उजवी टाच गादीवर दाबा म्हटलं, तर जोर लागेना. मग डावा पाय माझ्या हाताविरुद्ध वर उचलायला सांगितला, तेव्हा उजवी टाच आपोआप पूर्ण ताकदीनं खाली दाबली गेली. यजमानांनी स्वतः हात ठेवून पाहिलं. याला हूवर चिन्ह म्हणतात. ताकद पायात आहे. मुद्दाम हलवायला गेलं की सापडत नाही, लक्ष दुसरीकडे गेलं की येते. म्हणूनच पाय सुधारू शकतो.

सुरुवात घोटा मुरगळण्यापासून झाली. दुखण्यामुळे सगळं लक्ष पायाकडे, त्यात पडण्याची भीती. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार केला तर भलाभलाही अडखळतो. तुमचं तेच झालं आणि मेंदूला तीच सवय लागली. ताण असेल तर त्यात भर पडते, पण प्रत्येकाला ताणामुळेच होतं असं नाही. तुम्ही "मला कसलंच टेन्शन नाही" म्हणालात, मी ते मान्य केलंय. बाहेरचं बघायला जायचं की नाही ते घरचे ठरवतील. त्यासाठी व्यायाम मात्र थांबवू नका.

कर्ज काढून पुन्हा एमआरआय करू नका. पण लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर "एफएनडीच असेल" म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

मुख्य उपचार फिजिओथेरपी. सगळे बरे होतात असं वचन देत नाही. बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, मधूनच एखादा वाईट आठवडाही येतो. सोबतची चिठ्ठी पाकिटात बंद केलेली नाही. आधी तुम्ही वाचा. काही पटलं नाही तर सांगा, मी बदलेन.

डॉ. मृणाल साठे, न्यूरॉलॉजी

—

प्रति, फिजिओथेरपिस्ट, संगमनेर

रुग्ण: सौ. सुनीता, वय ३४, अंगणवाडी सेविका. निदान: फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, उजव्या पायाचा अशक्तपणा, ३ महिने. निदान रुग्णाला समजावले आहे, तिला ते पटते आहे. कृपया हेच नाव आणि हेच स्पष्टीकरण वापरावे.

तपासणी: हूवर चिन्ह उजवीकडे स्पष्ट. रिफ्लेक्स दोन्हीकडे समान, प्लांटर फ्लेक्सर. चालताना उजवा पाय अखंड फरफटतो, पंजा जमिनीला टेकलेला. मागे चालताना चाल बरीच सुधारते. सुरुवात इथूनच करावी. मेंदू व मणक्यांचा एमआरआय सामान्य. मायग्रेन आहे, रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ.

विनंती अशी, की एकेका स्नायूला ताकद आणणारे व्यायाम आणि स्टिम्युलेशनची शेक-मशीन नको. "पाय उचला, जोर लावा" म्हटले की लक्ष पायावर जाते आणि पाय आणखी अडतो. उभे राहून वजन डावी-उजवीकडे झुलवणे, पाय जमिनीवरून सरकवत चालणे, आरशासमोर, चालताना बोलत ठेवणे, अशा मार्गाने आपोआप होणारी हालचाल बाहेर काढावी आणि ती तिला दाखवावी. हाताने आधार शक्य तितका कमी. वॉकर तिने बाजारातून आणला आहे. एकदम काढून घेऊ नये, पण स्प्लिंट किंवा नवे साधन देऊ नये.

ध्येये तिचीच: ओट्याशी उभे राहून स्वयंपाक, नंतर घर ते अंगणवाडी आधाराशिवाय. चांगल्या दिवशी ती सगळी कामे उरकते आणि पुढचे दोन दिवस झोपून काढते, तेव्हा कामाचे तुकडे पाडून द्यावेत. आठवड्यातून दोनदा, ६ आठवडे. एकदा सासूबाईंना बसवून घ्यावे, कारण घरी पाण्याचा ग्लासही त्या हातात आणून देतात. शेवटच्या भेटीत, पाय पुन्हा अडला तर काय करायचे ते तिच्याच अक्षरात वहीत लिहून घ्यावे.

नवीन लक्षण दिसल्यास फोन करावा. माझी पुढची तपासणी २ डिसेंबरला, त्याआधी दोन ओळी कळवल्यात तर बरे.

डॉ. मृणाल साठे