विषय: फॉस्फेट विरघळवणाऱ्या जिवाणूंवरील कामात ८ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी विनंती

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून, मे-जूनमध्ये आपल्या प्रयोगशाळेत ८ आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप करता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.

आगरवर जेमतेम वलय दाखवणारे काही जिवाणू द्रव माध्यमात मात्र भरपूर फॉस्फेट मोकळे करतात, हे आपल्या शोधनिबंधातील निरीक्षण मला विशेष महत्त्वाचे वाटले; कारण पदवीच्या प्रकल्पात मातीतून वेगळ्या केलेल्या १२ जिवाणूंपैकी दोघांच्या बाबतीत मलाही पिकोव्हस्काया माध्यमावर हेच आढळले होते. द्रव माध्यमाचा सामू ७ वरून ४.५ पर्यंत उतरला, परंतु त्यामागे कोणते सेंद्रिय आम्ल आहे, हे तपासण्याची सोय आमच्याकडे नव्हती. तेच आपल्याकडे शिकावे, अशी इच्छा आहे.

निर्जंतुक हाताळणी आणि मॉलिब्डेनम ब्लू पद्धतीने फॉस्फेटमापन मी स्वतंत्रपणे करू शकते. एचपीएलसी अद्याप हाताळलेले नाही. मानधनाची अपेक्षा नाही. एक पानी परिचयपत्र आणि प्रकल्पाचा सारांश सोबत जोडला आहे.

यंदा जागा नसल्यास तसे एका ओळीत कळवले तरी चालेल.

आपली विश्वासू,
सायली