धनत्रयोदशीच्या सवलतीचे पोस्टर: चित्रासाठी प्रॉम्प्ट

नाशिकच्या भांडी बाजारातील तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानासाठी दिवाळीच्या पोस्टरचे उभे चित्र तयार करा. प्रमाण 4:5 असावे, म्हणजे 1080 × 1350 पिक्सेल, आणि चित्र छायाचित्रासारखे खरे वाटावे. वेळ दिवेलागणीची आहे.

चित्राचा वरचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पूर्णपणे मोकळा ठेवा. तिथे जुन्या वाड्याची साधी, गिलावा केलेली, गडद कुंकवाच्या रंगाची भिंत दिसावी. ती खालून पणत्यांच्या उजेडाने किंचित उजळलेली आणि वर जाताना हळूहळू काळोखात मिसळणारी असावी, जेणेकरून पिवळसर पांढरी अक्षरे तिच्यावर लांबूनही वाचता येतील. या जागेत तोरण, आकाशकंदील, धूर, नक्षी किंवा प्रकाशाचे ठिपके यांपैकी काहीही येऊ देऊ नका, कारण गिऱ्हाइकाची नजर आधी सवलतीवर जायला हवी आणि सजावटीने ती अडता कामा नये.

खालच्या भागात काळ्या दगडाचे अंगण असावे. त्यावर मधोमध गेरूने सारवलेला चौकोन असून, त्यात 11 ते 6 ठिपक्यांची, पांढऱ्या रांगोळीने हाताने काढलेली आकृती असावी. रेषा चिमटीतून सुटलेल्या पिठीसारख्या असाव्यात, कुठे जाड तर कुठे बारीक, आणि ठिपक्यांजवळ थोडे कण सांडलेले दिसावेत. छापील स्टिकरसारखी गुळगुळीत रांगोळी नको. रंग फक्त हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल भरावा. उजवीकडे उंबरठ्याच्या दिशेने लक्ष्मीची पावले आत जाताना दिसावीत, बाहेर येताना नव्हे.

रांगोळीभोवती मातीच्या सात पणत्या सैल अर्धवर्तुळात मांडा. पणत्या भाजक्या मातीच्या, बिनरंगाच्या असाव्यात. सर्वांत पुढची पणती अगदी जवळून दिसावी: तिच्या चोचीवर टेकलेली कापसाची वात, टोकाची काजळी, तेलाने भिजून गडद झालेली कड आणि स्थिर, सोनेरी ज्योत. सगळ्या ज्योती एकाच दिशेला जराशा झुकलेल्या असाव्यात, म्हणजे वारा एकच आहे असे वाटेल. उजेड केवळ या ज्योतींचा असावा. विजेच्या माळा नकोत.

डावीकडे तांब्याची एकच मठारलेली घागर ठेवा, जिच्या प्रत्येक ठोक्यात ज्योतीचे लहानसे प्रतिबिंब चमकेल. दुकानाचा माल हाच आहे, म्हणून ती पणत्यांमागे झाकली जाऊ नये. शेजारी झेंडूची चार-पाच फुले पुरेत. माणसे, देवतांच्या मूर्ती, फटाके आणि नोटा-नाण्यांचे ढीग चित्रात नसावेत.

चित्रात कुठेही अक्षरे, आकडे किंवा चिन्हे काढू नका. देवनागरीतील जोडाक्षरे चित्रातच काढली तर बिघडू शकतात आणि दुकानाच्या नावातली चूक बाजारात लगेच लक्षात येते, म्हणून धनत्रयोदशी ते पाडवा या काळातील 10 टक्के सवलतीचा मजकूर मोकळ्या भिंतीवर नंतर स्वतंत्रपणे बसवला जाईल. त्यासाठी चारही कडांपासून 80 पिक्सेलच्या आत कोणतीही महत्त्वाची वस्तू येऊ देऊ नका.