सरावपत्र: पोहे, जिलबी, चहा

राजवाड्याजवळच्या एकाच टपरीची तीन बिलं आहेत. x पोहे, y जिलबी, z चहा, भाव रुपयांत.

```
x + y + z = 60
2x + y + 3z = 100
3x + 2y + z = 130
```

प्रत्येक ओळीची बेरीज (उजवी बाजू धरून) शेजारी लिहा: 63, 106, 136. ओळीवर केलेली क्रिया या बेरजेवरही करा.

```
R2 - 2R1:  0 -1  1 | -20   बेरीज -20
R3 - 3R1:  0 -1  4 | -50   बेरीज -53
```

दुसरी ओळ तपासा: 0−1+4−50 = −47. हवी होती −53, म्हणजे कुठेतरी घसरलात. फरक 6 चा. 1−3 ऐवजी 1+3 केलंत, म्हणून −2 च्या जागी 4 आलं. (वर्गात निम्मी मुलं इथेच अडकतात.) ओळ सुधारा.

```
R3 - R2:  0  0 -3 | -30   बेरीज -33
```

ही बेरीज स्वतः पडताळा. मग z = 10, −y + 10 = −20, म्हणून y = 30, x = 20.

आता तिसऱ्या बिलात घाला: 60 + 60 + 10 = 130.

घरी: तिसरं बिल 140 धरून पुन्हा सोडवा. चहाचा भाव अपूर्णांकात आला तर दचकू नका.