'बोअर्ड' की 'बोअरिंग'? इंग्रजी सरावपत्रिका, उत्तरांसह

इयत्ता दहावी, मराठी माध्यम, सोलापूर. वेळ ४५ मिनिटं, गुण २५.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत छापली आहेत, म्हणजे उच्चार आधी कानावर बसतो. उत्तरं मात्र वहीत इंग्रजी अक्षरांत आणि पूर्ण वाक्यात लिहायची. नुसता शब्द लिहिला तर अर्धाच गुण मिळेल.

सोडवण्याआधी वाचा

भावना दाखवणाऱ्या क्रियापदांची दोन रूपं विशेषण म्हणून येतात. '-इंग' लावलेलं रूप भावना निर्माण करणाऱ्याचं वर्णन करतं, '-एड' लावलेलं रूप ती भावना ज्याला झाली त्याचं. मराठीत हा फरक आपण रोज करतो: प्रवास दमवणारा, प्रवासी दमलेला. म्हणून 'टायरिंग जर्नी', पण 'टायर्ड पॅसेंजर'.

'माणूस आला की -एड, वस्तू आली की -इंग' असा नियम बरेच जण पाठ करतात. तो सोडून द्या. माणूससुद्धा दुसऱ्याला कंटाळा आणू शकतो. वाक्यात एकच प्रश्न विचारायचा: भावना इथून निघते, की इथे पोहोचते?

आता जिथे सगळ्यात जास्त गुण जातात ती जागा. '-णारा म्हणजे -इंग, -लेला म्हणजे -एड' ही जोडी भावनांच्या शब्दांना चालते, इतरत्र दगा देते. 'खिडकीशी बसलेला माणूस' यात '-लेला' आहे, तरी इंग्रजीत 'द मॅन सिटिंग बाय द विंडो' होतं, कारण माणूस अजून बसलेलाच आहे. 'झोपलेलं बाळ', 'साडी नेसलेली बाई', 'दाराशी उभी राहिलेली मुलगी' यांनाही इंग्रजीत '-इंग'च लागतं: स्लीपिंग, वेअरिंग, स्टँडिंग. उलट 'सोलापुरात बनणाऱ्या चादरी' यात '-णारा' आहे, पण चादर स्वतः काही बनवत नाही, ती बनवली जाते. म्हणून 'चादर्स मेड इन सोलापूर'. तेव्हा मराठी प्रत्यय बघू नका, नाम क्रिया करतंय की त्याच्यावर क्रिया होतेय ते बघा.

जागेचंही लक्षात ठेवा. एकटा शब्द नामाच्या आधी येतो: 'अ ब्रोकन विंडो'. त्याच्यामागे आणखी शब्द आले की सगळा गट नामानंतर जातो: 'अ विंडो ब्रोकन बाय द स्टॉर्म'. मराठीत 'वादळात फुटलेली खिडकी' असं सगळंच आधी येतं, त्यामुळे इथे क्रम उलटा होतो.

प्रश्न १. शेवटी दिलेल्या क्रियापदाचं योग्य रूप भरा. (६ गुण)

१. द क्यू ऍट द सिद्धेश्वर टेम्पल वॉज लाँग, बट नोबडी लुक्ड ____. — टायर
२. अ बस जर्नी टू अक्कलकोट ऍट नून इन मे इज ____. — टायर
३. द चिल्ड्रेन आर ____ अबाउट द गड्डा यात्रा. — एक्साइट
४. द टाइमटेबल वॉज सो ____ दॅट वी मिस्ड अवर बस. — कन्फ्यूज
५. माय ब्रदर इज ____ इन बर्ड्ज, सो ही वेंट टू नान्नज. — इंटरेस्ट
६. ही इज अ ____ स्पीकर. एव्हरीवन फॉल्स अस्लीप. — बोअर

प्रश्न २. प्रत्येक वाक्यात एक चूक आहे. वाक्य दुरुस्त करून लिहा. (५ गुण)

१. आय ऍम बोअर इन द आफ्टरनून.
२. वी आर इंटरेस्टिंग इन कबड्डी.
३. द गर्ल वोअर्न अ रेड फ्रॉक इज माय कझिन.
४. द चादर्स मेकिंग इन सोलापूर आर फेमस.
५. वॉकिंग टू सात रस्ता, द रेन स्टार्टेड.

प्रश्न ३. 'हू' किंवा 'दॅट' काढून वाक्य छोटं करा. एक वाक्य छोटं होत नाही. ते ओळखून कारण मराठीत लिहा. (१० गुण)

१. द वूमन हू इज सेलिंग शेंगा चटणी स्पीक्स तेलुगू.
२. द टॉवेल्स दॅट आर वोव्हन हिअर गो टू मेनी कंट्रीज.
३. एनीवन हू वॉन्ट्स अ टिकेट शुड स्टँड इन धिस लाइन.
४. द टेम्पल दॅट इज सराउंडेड बाय द लेक इज व्हेरी ओल्ड.
५. द बॉय हू ब्रोक द विंडो यस्टर्डे इज माय नेबर.

प्रश्न ४. दोन वाक्यांचं एक करा. (४ गुण)

१. डॉ. कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर. ही वेंट टू चायना इन १९३८.
२. शी फिनिश्ड हर होमवर्क. देन शी वेंट टू द मार्केट.
३. वी डिड नॉट नो द रोड. वी आस्क्ड अ रिक्षा ड्रायव्हर.
४. आय वॉज स्टँडिंग ऑन द प्लॅटफॉर्म. माय फोन रँग.

उत्तरं आणि कारणं

प्रश्न १: टायर्ड, टायरिंग, एक्साइटेड, कन्फ्यूजिंग, इंटरेस्टेड, बोअरिंग. सहाव्यात वक्ता स्वतः कंटाळलेला नाही, तो लोकांना कंटाळा आणतो. स्पेलिंग लिहिताना 'टायर', 'एक्साइट', 'कन्फ्यूज', 'बोअर' या चौघांतलं शेवटचं 'ई' अक्षर '-इंग' लावताना गळतं. ते तसंच ठेवलं तर अर्धा गुण जाईल. सोबतचा छोटा शब्दही जोडीनेच पाठ करा: इंटरेस्टेड इन, एक्साइटेड अबाउट, टायर्ड ऑफ, बोअर्ड विथ.

प्रश्न २: पहिल्यात 'बोअर्ड' हवं. आपण मराठीत 'मला बोअर होतंय', 'मी कन्फ्यूज झालो' म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतही 'आय ऍम बोअर', 'आय ऍम कन्फ्यूज' तोंडात येतं. शेवटचा 'ड' बोलताना जेमतेम ऐकू येतो, पण लिहिताना तो लागतोच. दुसऱ्यात 'इंटरेस्टेड', 'वी आर इंटरेस्टिंग' म्हणजे 'आम्हीच मोठे रंजक आहोत'. तिसऱ्यात 'वेअरिंग', कारण मुलीने फ्रॉक घातलाय, फ्रॉकने मुलीला नाही. चौथ्यात 'मेड'. पाचव्यात 'व्हाइल वी वर वॉकिंग टू सात रस्ता, द रेन स्टार्टेड'. मूळ वाक्यात पाऊसच सात रस्त्याकडे चालत निघालाय. मराठीत 'चालताना पाऊस आला' अगदी बरोबर आहे, कारण '-ताना'ला वेगळा कर्ता चालतो. इंग्रजीत सुरुवातीच्या '-इंग'चा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यावा लागतो.

प्रश्न ३: (१) द वूमन सेलिंग शेंगा चटणी… (२) द टॉवेल्स वोव्हन हिअर… 'वीव्ह'चं रूप 'वोव्हन', 'वीव्ह्ड' लिहिलं तर एक गुण कापा. (३) एनीवन वॉन्टिंग अ टिकेट… इथे मूळ वाक्यात 'इज' नाही, तरी क्रियापद '-इंग' होतं. (४) द टेम्पल सराउंडेड बाय द लेक… तळं वेढतं, देऊळ वेढलं जातं. कर्ता बदलला तर 'द लेक सराउंडिंग द टेम्पल' होईल. (५) छोटं होत नाही. 'ब्रोक' ही काल एकदाच घडून संपलेली क्रिया आहे. 'द बॉय ब्रेकिंग द विंडो' म्हटलं तर तो मुलगा आत्ता काच फोडतोय असा अर्थ होतो. कारण न लिहिता नुसतं 'होत नाही' लिहिलं तर एकच गुण.

प्रश्न ४: (१) बॉर्न इन सोलापूर, डॉ. कोटणीस वेंट टू चायना इन १९३८. (२) हॅविंग फिनिश्ड हर होमवर्क, शी वेंट टू द मार्केट. एक काम पुरतं संपलं आणि मग दुसरं झालं, हे 'हॅविंग'ने स्पष्ट होतं. (३) नॉट नोइंग द रोड, वी आस्क्ड अ रिक्षा ड्रायव्हर. 'नॉट' कायम आधी येतो. 'नोइंग नॉट' नाही. (४) व्हाइल आय वॉज स्टँडिंग ऑन द प्लॅटफॉर्म, माय फोन रँग. इथे 'स्टँडिंग ऑन द प्लॅटफॉर्म, माय फोन रँग' लिहिलं तर शून्य गुण. कर्ते दोन आहेत, म्हणून 'आय' ठेवावाच लागतो. 'स्टँडिंग ऑन द प्लॅटफॉर्म, आय हर्ड माय फोन रिंग' असं कुणी लिहिलं तर पूर्ण गुण द्या, कारण त्यात दोन्ही क्रियांचा कर्ता 'आय' झाला.