विषय : सोनेतारण कर्जातील दागिन्यांच्या शुद्धतेची घट व मूल्यांकनाबाबत तक्रार

दिनांक : २२ जून २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
सोनेतारण कर्ज विभाग

महोदय,

९ जून २०२६ रोजी मी आपल्या शाखेत तीन दागिने गहाण ठेवून ४,४०,००० रुपयांचे कर्ज घेतले. पाटल्यांची जोडी ३२.४०० ग्रॅम, काळ्या मण्यांचे गंठण २४.८५० ग्रॅम आणि खड्यांचे झुबे ९.६०० ग्रॅम, असे एकूण ६६.८५० ग्रॅम वजन माझ्यासमोर काट्यावर झाले. त्याबद्दल माझा काही वाद नाही. पुढे जी वजावट झाली, तिच्याबद्दल ही तक्रार आहे.

आपल्या प्रमाणपत्रात खडे, मणी व दोरा यांपोटी ५.८५० ग्रॅम वजा करून ६१.००० ग्रॅम धरले आहेत. त्यातून 'शुद्धता घट ८ टक्के' म्हणून आणखी ४.८८० ग्रॅम कापून निव्वळ वजन ५६.१२० ग्रॅम लिहिले आहे. एवढे झाल्यावर तिन्ही दागिन्यांची शुद्धता २० कॅरेट दाखवून दरही २० कॅरेटचाच लावला आहे. म्हणजे सोने हलके म्हणून वजन कमी केले आणि त्याच कारणाने भावही कमी केला. एकाच कमतरतेची वजावट दोनदा कशी होते, हे मी काउंटरवर विचारले. "आमची पद्धत अशीच आहे" एवढेच उत्तर मिळाले.

पाटल्या आणि गंठण दोन्हींवर ९१६ चा हॉलमार्क व सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक आहे. ९१६ म्हणजे २२ कॅरेट. हॉलमार्क असूनही आपल्या मूल्यांककांना टंच कमी आढळला असेल, तर तो कोणत्या तपासणीत आणि किती आढळला, हे कागदावर यायला हवे होते. झुबे जुने आहेत, त्यांवर हॉलमार्क नाही. ते २० कॅरेटचे धरले तर माझी हरकत नाही. पण त्यांच्यामुळे पाटल्याही २० कॅरेटच्या होत नाहीत.

खड्या-मण्यांचा हिशोबही जुळत नाही. सराफाच्या पावतीनुसार गंठणातील मणी व दोरा ३.५५० ग्रॅम आणि झुब्यांतील खडे १.४०० ग्रॅम, मिळून ४.९५० ग्रॅम होतात. पाटल्यांत ना खडा, ना लाख. मग उरलेले ०.९०० ग्रॅम कशाचे? दागिनावार वजावट लिहिली असती तर हे विचारण्याची वेळच आली नसती.

माझ्या हिशोबाने ५३.७०० ग्रॅम सोने २२ कॅरेटचे आणि ८.२०० ग्रॅम २० कॅरेटचे आहे. सगळे २२ कॅरेटमध्ये मोजले तर ६१.१५५ ग्रॅम. आपण धरलेले सोने त्याच मापाने ५१.०१८ ग्रॅम भरते. दहा ग्रॅमहून जास्त, म्हणजे जवळजवळ एक तोळा सोने कागदावरून गेले आहे. मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे लागत होते म्हणून मी त्या दिवशी सही केली. ती वजावट पटली म्हणून केलेली नाही.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाबाबत काढलेल्या निर्देशांप्रमाणे कस तपासताना कर्जदार समोर असला पाहिजे, वजावट त्याला समजावून सांगितली पाहिजे आणि ढोबळ वजन, निव्वळ वजन, कॅरेट व वजावटीचा तपशील प्रमाणपत्रात आला पाहिजे. माझे दागिने वजनानंतर आतल्या खोलीत नेले गेले आणि पंचवीस मिनिटांनी थेट आकडा सांगितला गेला. मूल्यांकनासाठी प्रत्यक्ष शुद्धतेच्या प्रसिद्ध बंद भावाची मागील ३० दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा बंद भाव, या दोन्हींपैकी जो कमी असेल तो धरायचा असतो. प्रमाणपत्रावर दर आहे, पण तो कोणत्या तारखेचा आणि कुठून घेतला, याचा उल्लेख नाही.

मला जास्त काळजी पुढची आहे. हप्ता चुकून लिलावाची वेळ आली तर हेच मूल्यांकन पुढे येईल. शिवाय कर्ज फेडल्यावर दागिने कोणत्या वजनाशी ताडून परत मिळणार, ६६.८५० की ५६.१२०?

तरी तिन्ही दागिन्यांची माझ्या उपस्थितीत पुन्हा तपासणी करावी आणि शक्य असल्यास ती कसोटीच्या दगडाऐवजी यंत्रावर व्हावी. प्रत्येक दागिन्याचे ढोबळ वजन, वजावट, कॅरेट व निव्वळ वजन, तसेच दराची तारीख व स्रोत नमूद केलेले सुधारित प्रमाणपत्र मराठीत द्यावे. त्यानुसार कर्जाची पात्र रक्कम वाढत असल्यास तसे लेखी कळवावे. तपासणीचा दिवस दोन दिवस आधी कळवल्यास मी सराफाच्या मूळ पावत्या घेऊन हजर राहीन.

या अर्जाची पोच शिक्क्यासह द्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन.

आपली,
सौ. सुनंदा जगदाळे
(सोनेतारण कर्जदार)

सोबत : आपले ९ जूनचे प्रमाणपत्र, सराफाच्या दोन पावत्या आणि हॉलमार्कच्या खुणांची छायाचित्रे.