विषय: हॉटेलच्या भिंतीवरचं चित्र आणि त्याचा मोबदला

नौपाडा, ठाणे (प.)
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय विवेकदादा,
स. न. वि. वि.

सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. बाहेर पडता येत नाही, म्हणून चार दिवस राहिलेलं हे पत्र आज लिहायला घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उत्तर देता आलं असतं, पण वहिनींनी मला बोलावून अख्खी जागा फिरवून दाखवली, वर थालीपीठही खाऊ घातलं. त्यानंतर नुसतं ‘जमणार नाही’ असं टाइप करणं बरं वाटेना.

आधी मुद्द्याचं. चौदा बाय नऊ फुटांची ती भिंत नाव आणि प्रसिद्धी या मोबदल्यावर रंगवणं मला जमणार नाही. पण तुमचं हॉटेल दसऱ्याला उघडेल तेव्हा तिथे माझं चित्र असावं असं मलाही वाटतं. त्यासाठी एक पर्याय सुचवते आहे, त्याचा आकडाही खाली दिला आहे.

नकाराचं कारण नीट सांगते, म्हणजे मनात किंतू राहायला नको. तुम्ही म्हणालात, “रोज दोन-तीनशे माणसं बघतील, कोपऱ्यात तुझं नाव असेल, आमची पुतणी रील टाकेल.” तुमचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण दादा, कोपऱ्यात सही तर चित्रकार करतोच. पूर्ण पैसे घेऊन केलेल्या चित्रावरही मी सही करते. ती मोबदल्यात कशी धरायची?

दुसरं म्हणजे, हे काम फुकट होत नाही, फक्त त्याचा खर्च माझ्या अंगावर येतो. १२६ चौरस फूट रंगवायला मला अकरा दिवस लागतील आणि एवढ्या उंचीवर एकटीने होत नाही, एक मदतनीस लागतो. त्याचे दिवसाला ९०० म्हणजे ९,९०० रुपये. प्रायमर आणि रंग साधारण साडेतीन हजारांचे, परांचीचं भाडं हजार. म्हणजे माझी मजुरी शून्य धरली तरी १४,४०० रुपये मी घरून घालायचे. हे तुमच्या लक्षात आलं नसणार. माझ्या आईच्याही येत नाही, तिला अजून वाटतं की रंग एकदा आणले की वर्षभर पुरतात.

आणि प्रसिद्धीचा अनुभव मी एकदा घेतला आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुकानाचं शटर असंच नावावर रंगवून दिलं होतं. चित्र चांगलं झालं, लोक थांबून फोटो काढायचे. त्यातून मला चार फोन आले. चौघांनीही विचारलं, “त्यांना करून दिलंत ना, तसंच आम्हालाही द्या.” तसंच म्हणजे कसं, हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून हा व्यवहार मी बंद केला. ओळखीत, नात्यात, कुठेच करत नाही, त्यामुळे हा नकार फक्त तुमच्यासाठी आहे असं कृपया समजू नका.

आता भिंतीबद्दल, कारण पैशाचा प्रश्न मिटला तरी ही भिंत मला अडवणार आहे. तुम्ही टेबलांची मापं घेत होतात तेव्हा मी डाव्या बाजूला, हात धुवायच्या बेसिनच्या वर, नखाने जरा खरवडून पाहिलं. रंगाचा पापुद्रा अलगद हातात आला आणि खाली पांढरी भुकटी होती. तो खार आहे. पलीकडे बेसिनचा पाइप जातो, तिथून ओल झिरपत असणार. अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावा, खार त्याला आतून ढकलतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत चित्राचे पोपडे निघतात. पैसे घेऊनही मी तिथे थेट भिंतीवर काम केलं नसतं. शिवाय गाळा तुमचा स्वतःचा नाही. भाडेकरार संपला की भिंतीवरचं चित्र मालकाचं, तुमचं नाही.

म्हणून हा पर्याय. प्लायचा अख्खा तुकडा आठ बाय चार फुटांचा मिळतो, तोच आडवा वापरू. पाण्याला टिकणारा बारा मिलिमीटरचा प्लाय, मागून पट्ट्या ठोकून भिंतीपासून इंचभर सुटा टांगलेला, म्हणजे हवा खेळती राहील. मागच्या बाजूलाही रंगाचे दोन हात देईन. बाकी भिंत तुमच्या रंगाऱ्याकडून एकाच गडद रंगात करून घ्या. मी विटकरी सुचवेन, त्यावर पॅनेल उठून दिसतं आणि चौदा फूट भरल्यासारखे वाटतात. उद्या जागा बदललीत तर चार स्क्रू काढून चित्र टेम्पोत घालून न्या.

विषय तुम्ही सांगितलात तोच, जुनं ठाणं. पण एक दुरुस्ती. तुम्ही नमुना म्हणून पाठवलेल्या चित्रात पहिली गाडी खाडीवरच्या पुलावरून धावते आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली ती गाडी ठाण्यापर्यंतच आली. खाडी ओलांडून कल्याणला रूळ गेले ते पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये. तुमच्याकडे मिसळ खायला जुने ठाणेकर येणार, त्यातला एखादा निवृत्त रेल्वेवाला पहिल्याच दिवशी बोट ठेवेल. त्या गाडीला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान, आणि मागे चौदा डबे. आठ फुटांच्या आडव्या पॅनेलला याहून चांगला विषय कुठला? खालच्या पट्ट्यात गाडी, वर मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वराचा कळस. गडकरी रंगायतन मात्र मी या चित्रात घालणार नाही. ते १९७८ चं आहे, वाफेच्या इंजिनाशेजारी विनोदी दिसेल. वहिनींचा हट्टच असेल तर ते मेन्यूच्या पाठीवर काढू.

पैशांचं असं. चित्राचं मानधन १४,००० रुपये. प्लाय, सुताराचं काम, रंग आणि टेम्पो मिळून ५,५००. एकूण १९,५००. एवढी पूर्ण भिंत मी चौरस फुटाला ३२० रुपयांनी करते, म्हणजे ४०,३२० झाले असते. त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात तुमचं काम होईल. माझी उलाढाल वीस लाखांच्या खूपच खाली असल्याने जीएसटीची नोंदणी नाही, त्यामुळे यावर वेगळा कर लागणार नाही. बिल रीतसर देईन.

एवढे एकदम नकोत. हॉटेल उघडायच्या आधी पैसा कसा चारी बाजूंनी जातो ते मी माझ्या मामाच्या दुकानात पाहिलं आहे. कामाला सुरुवात करताना १०,००० द्या, त्यातून सामान येईल. पेन्सिलचं रेखाटन तुम्हा दोघांना पसंत पडलं की ५,०००. उरलेले ४,५०० पॅनेल टांगल्यावर, त्याच दिवशी. रेखाटनात दोनदा बदल करून देईन. रंग लागल्यावर मात्र इंजिन डावीकडून उजवीकडे वळवायला सांगू नका.

दर थोडा कमी ठेवता आला त्याचं कारणही सांगते. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, तोपर्यंत मी मखरांमागच्या पडद्यांच्या कामात बुडालेली आहे. त्यानंतर ७ ते २१ पितृपक्ष, त्या पंधरवड्यात माझ्याकडे नवं काम सहसा कोणी घेऊन येत नाही. तुमचं पॅनेल मी त्या दिवसांत घरीच रंगवेन. तुमच्या सुतारांची धूळ नाही, परांची नाही, मदतनीसही लागणार नाही. पंधरवड्यात सुरुवात करणं वहिनींना आवडणार नाही याची कल्पना आहे, म्हणून आगाऊ रक्कम गणपतीतच द्या, कागदावर पहिली रेघ मी तेव्हाच मारते. नवरात्रात टांगू. २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला आठवडाभर तरी हाताशी राहील.

हे चित्र मेन्यूवर, पार्सलच्या डब्यांवर आणि रीलमध्ये वापरायला माझी हरकत नाही, ते याच पैशांत आलं. दुसरी शाखा काढलीत आणि तिथे छापून लावायचं असेल तर त्याचे वेगळे ३,००० होतील. हे मी एका कागदावर लिहून आणेन, दोघांनी सह्या करू.

मेन्यूचा फळा “जाता जाता करून टाक” म्हणाला होतात. तो खडूने नको, आठ दिवसांत पुसट होईल. ऑइलपेंटने ठळक अक्षरांत २,५०० मध्ये करून देते, भावाची जागा तेवढी पुसता येईल अशी मोकळी ठेवेन. तुमच्याकडे भाव बदलणारच.

हेही बजेटमध्ये बसत नसेल तर सरळ सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. माझ्याकडे मासुंद्याच्या एका जुन्या चित्राची मोठी छापील प्रत आहे, फ्रेमसकट २,८०० ला. उद्घाटनापुरती भिंत तिनेही सावरेल, पॅनेलचं पुढच्या वर्षी बघू. ‘कॉलेजच्या मुलांना विचारा’ असं सुचवणार होते, पण मग लक्षात आलं, तीही मुलं रंग विकतच आणतात.

२५ तारखेपर्यंत कळवलंत तर पंधरवडा तुमच्यासाठी राखून ठेवते. त्यानंतर दुसरं काम आलं तर घ्यावं लागेल.

वहिनींना नमस्कार. थालीपिठाबरोबरच्या लोण्याची चव अजून जिभेवर आहे, ते मेन्यूत राहू द्या.

आपली,
मेघना

ता. क. : चित्राचं ठरो न ठरो, बेसिनमागचा तो पाइप रंगारी यायच्या आधी प्लंबरला दाखवाच. खार खरवडून, भिंत उघडी ठेवून नीट वाळवावी लागेल, आणि या हवेत त्याला दोन-तीन आठवडे सहज जातील.