सराव-मुलाखत: शकुंतलाबाईंचा हिस्सा

स्थळ: विधी महाविद्यालयाचं कायदा मदत केंद्र. वेळ २५ मिनिटं. तीन चिठ्ठ्या वेगवेगळ्या द्याव्यात; एकाची दुसऱ्यानं वाचू नये.

विद्यार्थ्यांसाठी
शकुंतला, वय ५४, इंदापूर तालुका. माहेरची वडिलोपार्जित जमीन, दोन गट, मिळून साडेतीन एकर. वडील २०१४ साली वारले. आज दोन्ही सातबाऱ्यांवर फक्त भावाचं नाव. भावानं जमीन विकायला काढली, इसारही घेतला असं कानावर आलं. बाईंना हिस्सा हवा आहे. सोबत मुलगा गणेश. स्त्रियांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत मदत मिळते; उत्पन्नाचा दाखला मागत बसू नये.

शकुंतलासाठी
२०१७ साली तुम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन भावाला हक्कसोडपत्र करून दिलं. काय लिहून देतोय ते ठाऊक होतं. नवऱ्याच्या बायपाससाठी भावानं त्याच दिवशी दोन लाख रोख दिले. घरी सांगितलं, उसने आणले. नवरा वर्षभरात गेला. मुलाला यातलं काही माहीत नाही. त्याच्यादेखत कोणी सहीबद्दल विचारलं तर ‘नाही’ म्हणा. तो बाहेर गेला आणि विचारणाऱ्याच्या बोलण्यात संशय नसला तरच सांगा, तेही तुटक तुटक.

गणेशसाठी
प्रश्न आईला विचारला तरी उत्तर तुम्ही द्या.

नमुना: मृण्मयी आणि सौरभ, विद्यार्थ्यांची जोडी

मृण्मयी: मावशी, पाणी घ्या आधी. निवांत सांगा, काय झालं?

गणेश: मी सांगतो मॅडम. मामानं तलाठ्याला हाताशी धरून आईचं नाव उडवलं.

मृण्मयी: बरं. मावशी, तुम्ही सांगा ना.

शकुंतला: तो म्हणतोय तेच.

मृण्मयी: तुमचे वडील गेल्यावर वारस नोंद झाली, तेव्हा तुमचं नाव लागलं होतं. पुढं २०१७ ला ते कमी झालं. गट दोन आणि फेरफार नंबरही दोन वेगळे दिसतायत. फेरफाराचे उतारे काढलेत?

गणेश: त्यात काय असणार?

मृण्मयी: नाव कशाच्या आधारे कमी केलं, ते असतं. मावशी, कुठल्या कागदावर सही, अंगठा?

शकुंतला: नाही बाई. मी कशाला करू?

*(बहुतेक जोड्या इथं ‘सही नाही’ लिहून घेतात आणि हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती नि २०२० चा विनीता शर्मा निकाल ऐकवू लागतात. मुलीला जन्मानं हक्क, हे खरंच. पण सोडून दिलेल्या हक्काचं काय, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही.)*

मृण्मयी: गणेश, थोडा वेळ बाहेर बसाल? अशिलाशी एकट्यानं बोलायची आमच्याकडं पद्धतच आहे. तोवर सौरभ तुमच्याकडून कागदांची यादी करून घेईल.

गणेश: तिला काय सांगता येणारे...

शकुंतला: जा रे. चहा घे जा.

*(गणेश जातो.)*

मृण्मयी: इथलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. मुलालाही कळणार नाही. २०१७ ला घरात काय चाललं होतं?

शकुंतला: ह्यांचं ऑपरेशन...

*(मृण्मयी गप्प राहते. पेनही खाली ठेवते.)*

शकुंतला: पुण्याला. दोन लाख कमी पडत होते. दादा म्हणाला, देतो, पण हक्कसोड करून दे. तिथं फोटो काढला, अंगठा घेतला.

मृण्मयी: वाचून दाखवलं होतं?

शकुंतला: मीच वाचलं. सातवी झालीय माझी.

मृण्मयी: त्यात पैशांचं लिहिलंय?

शकुंतला: नाही. भावाच्या प्रेमापोटी, असं लिहिलंय.

मृण्मयी: बरं झालं सांगितलंत. ‘सही केलीच नाही’ असा दावा लावला असता, तर त्यांच्या वकिलानं तुमचा फोटो लावलेला दस्त पुढं केला असता. तो रद्द करून मागायला मुदत तीन वर्षांची, आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहिती होतं. ती वाट कठीण आहे, खोटी आशा लावत नाही. पण त्या कागदात दोन्ही गट होते का?

शकुंतला: मळ्याचा होता. विहिरीचा... त्याचं बोलणं झालं नव्हतं बघा.

मृण्मयी: मग आधी दस्ताची नक्कल आणि दोन्ही फेरफार काढू. ते हातात येईपर्यंत भावाशी काही बोलू नका, नवीन कशावर सही करू नका.

शकुंतला: आणि गण्याला काय सांगू?

मृण्मयी: ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगेन, की उतारे आल्याशिवाय मत देता येत नाही.

निरीक्षकासाठी
अशील कधी बोललं यापेक्षा कशामुळं बोललं ते टिपा. विहिरीच्या गटाचा प्रश्न आला का, तेही पाहा. कबुली मिळाल्याच्या आनंदात तो राहून जातो. गणेश परत आल्यावर विद्यार्थ्याच्या तोंडून ‘हक्कसोड’ निघालं, तर आधीची मुलाखत कितीही चांगली असो, गुण शून्य.